फोड पाण्यानं येत नाही

भाजलेलं मूल आमच्या ड्रेसिंग रूममध्ये आलं की घरी काय काय झालं असेल ते डोळ्यांआधी नाकाला कळायचं. पुदिन्याचा वास म्हणजे टूथपेस्ट. साजूक तुपाचा वास आला की समजायचं, घरात आजी आहे. आंबूस वास दह्याचा, आणि कच्च्या बटाट्याचा मातकट वास आला तर कुणीतरी मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं असायचं. शाई आणि कणीक यांना वास नसतो, पण त्या दारातूनच दिसतात. ओलंचिंब मूल मात्र क्वचित यायचं. ते आलं की मला हायसं वाटायचं, कारण त्याचा अर्थ घरात कुणीतरी आधी नळ सोडला होता.

मी जबलपूरची. आमचं घराणं पणजोबांपासून इथलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. नोकरीतली बरीच वर्षं इथल्या एका रुग्णालयात मुलांच्या विभागात परिचारिका म्हणून गेली, आणि त्यातही ड्रेसिंग रूम माझ्याकडे राहिली. भाजणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आग येते. लहान मुलांच्या बाबतीत आग फार मागे असते. आमच्याकडे येणारी एक ते तीन वर्षांची मुलं चहानं, दुधानं, वरणानं, आंघोळीच्या पाण्यानं भाजलेली असायची. या वयात मूल उभं राहून हात वर करतं, पण वर काय आहे ते त्याला दिसत नसतं. हाताला लागेल ते ते ओढतं. म्हणून या मुलांच्या जखमांचा नकाशाही ठरलेला असतो: हनुवटी, मान, एक खांदा, छाती, आणि ओढणारा हात.

असाच एक दीड वर्षांचा मुलगा जानेवारीतल्या एका सकाळी आला. राइट टाउनमधलं मराठी घर. जबलपूरच्या थंडीत सकाळी सगळं घर एका खोलीत गोळा होतं, तसं झालं होतं. स्टुलावर विणकामाचा रुमाल, रुमालावर चहानं भरलेली किटली. मुलानं रुमालाचं टोक धरून ओढलं. किटली उलटली, ती थेट गळ्यापाशी. अंगात बनियन, त्यावर गरम इनर, त्यावर हातविणीचा स्वेटर. आत्यानं त्याला उचललं, न्हाणीघरात नेलं आणि स्वेटरवरूनच तांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटंही झाली नसतील, आजी दारात येऊन ओरडली, “अगं पाणी नको घालू, फोड येतील!” पाणी थांबलं. स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. मानेला आणि हनुवटीला टूथपेस्ट फासली, खांद्यावर बर्फाचा खडा धरला. मग रिक्षा.

हे सगळं आत्यानं मला सांगितलं, कारण मी पहिला प्रश्न विचारला तो “किती वाजता?” हा. लोकांना तो विचित्र वाटतो. मूल किंचाळतंय आणि ही बाई घड्याळाचं विचारते आहे. पण भाजल्यापासून तीन तासांच्या आत मूल आलं असेल तर पाण्याचा उपयोग अजून संपलेला नसतो. हे चाळीस-पन्नास मिनिटांत आले होते. डॉक्टरांनी पाहिलं, वेदनाशामक दिलं आणि सांगितलं, पुन्हा धुवा, पूर्ण वेळ.

आधी कपडे. बनियन अंगावर तसंच होतं आणि चहानं ओलं होतं. लोकरीचे आणि जाड सुती कपडे गरम पाणी धरून ठेवतात. वरून पाणी ओतलं तरी आतला थर बराच वेळ गरम राहतो. उन्हाळ्यात उघड्या अंगावर सांडलेला चहा क्षणात ओघळून जातो, हिवाळ्यात तोच चहा कपड्यात मुरून कातडीला चिकटून बसतो. म्हणून पाणी ओतता ओतताच कपडे निघाले पाहिजेत, आणि डोक्यावरून नाही. डोक्यावरून काढताना तोच गरम कपडा चेहऱ्यावरून फिरतो. पुढून बटणं उघडा, नाहीतर सरळ कात्रीनं कापा. स्वेटर आजीनं विणलेला असला तरी. एखादा तुकडा कातडीला चिकटलाच असेल तर तो ओढायचा नाही, त्याच्या कडेनं कापून तेवढा तसाच ठेवायचा. लंगोट किंवा डायपर भिजला असेल तर तोही लगेच काढायचा. डायपरचं तर कामच द्रव धरून ठेवण्याचं आहे.

मग गळ्यातला काळा दोरा आणि हातातल्या बिंदल्या. इथे हमखास अडतं. नजरेचा दोरा कापायला कुणी तयार नसतं. मी वाद घालत नसे. “कापून तुमच्या हातात देते, पदराला बांधून ठेवा,” म्हटलं की आई लगेच मान डोलवायची. भाजलेला भाग तासाभरात सुजू लागतो, मग दोरा रुततो, बिंदली निघत नाही. हे दागिने सुरुवातीलाच काढणं सोपं असतं, सूज आल्यावर तेच काम रडारडीचं होतं.

त्या मुलाला आत्याच्या मांडीवर घेतलं, डोक्यावर कोरडी टोपी घातली, कमरेखाली घोंगडीत गुंडाळलं आणि मान, छाती, खांदा एवढाच भाग नळाच्या बारीक धारेखाली धरला. वीस मिनिटं. वीस मिनिटं हा फार लांब वेळ आहे. घरी तो कुणाला पुरा करता येत नाही याचं मला कधी नवल वाटलं नाही. मूल पहिली पाच मिनिटं आकांत करतं, बघणाऱ्याला वाटतं आपण छळ मांडला आहे. साधारण सात-आठ मिनिटांनी रडण्याचा सूर बदलतो. त्यानं हुंदके देत आत्याच्या बांगड्यांशी खेळायला सुरुवात केली तेव्हा आत्याही पहिल्यांदा नीट बसली. धार सलग नसली तरी चालते, मधे थांबून पुन्हा सुरू केलं तरी एकूण वेळ भरला पाहिजे.

पाणी आग शमवण्यासाठी असतं हे सगळ्यांना कळतं. चहा तर केव्हाच सांडून गेला, आता कशाला पाणी, असा प्रश्न असतो. गरम द्रव निघून गेला तरी कातडीच्या आत उष्णता उरते आणि खाली खाली जात राहते. डग्लस जॅक्सन या बर्मिंगहॅमच्या शल्यचिकित्सकांनी गेल्या शतकाच्या मध्यावर भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. केंद्रातला पूर्ण मेलेला, तो परत येत नाही. त्याभोवतीचा अर्धमेला, ज्यातलं रक्त मंदावलेलं असतं. आणि बाहेरचा नुसता लाल, जो आपोआप बरा होतो. सगळी झटापट त्या मधल्या अर्धमेल्या पट्ट्यासाठी असते. तो दोन-तीन दिवसांत इकडे किंवा तिकडे जातो. पाणी त्याला इकडे ओढतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या मुलांच्या रुग्णालयात सुमारे अडीच हजार भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या, तो अभ्यास २०२० मध्ये छापून आला. ज्यांना पहिल्या तीन तासांत वीस मिनिटं वाहतं पाणी मिळालं, त्यांच्यात कातडी लावण्याची शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली. इतकं स्वस्त औषध दुसरं मला माहीत नाही.

मग आजीचं काय? पाण्यानं फोड येतात हे मी हिंदी घरांत ऐकलं, मराठी घरांत ऐकलं, गोंड आयाबायांकडून ऐकलं. “पानी मत डालना, छाला पड़ जाएगा.” सगळ्यांनी एकत्र ठरवल्यासारखं. यामागे एक प्रामाणिक निरीक्षण आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं. उष्णतेनं कातडीचा वरचा पापुद्रा खालच्या थरापासून सुटतो आणि मधे शरीरातलाच पाझर साठतो. तो फोड. साठायला थोडा वेळ लागतो, कधी काही मिनिटं, कधी काही तास. त्या मधल्या वेळात ज्यानं पाणी घातलं त्याला फोड पाण्यानंतर दिसतो. पाणी घातलं नसतं तरी तो आलाच असता. उलट फार खोल भाजलं तर फोड येतच नाही. कातडी पांढुरकी, चिवट, कोरडी दिसते, मूल त्या जागी हात लावू देतं, आणि घरचे म्हणतात, फोड नाही आला, वाचलो. अशी मुलं आमच्याकडे उशिरा यायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध वैद्यांनी मला एकदा शास्त्राधार दिला होता. सुश्रुतसंहितेत अग्निदग्धाचे चार प्रकार आहेत, प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध, आणि त्यातल्या पहिल्या, सर्वांत हलक्या प्रकारात गार पाणी नको, शेक द्या असं म्हटलं आहे, कारण गारव्यानं रक्त गोठतं. पुढच्या प्रकारांत तुपाचे लेपही आहेत. म्हणजे आजीच्या हातातल्या तुपाच्या वाटीमागे चांगली दोन हजार वर्षं उभी आहेत. मला त्या ग्रंथाचा आदर वाटतो. भाजणं किती खोल आहे यावर त्याचे प्रकार पाडावेत, हे तिथे इतक्या आधी सुचलं होतं आणि आम्ही आजही तेच करतो. पण गार पाण्याबद्दल आता मोजमाप करून पाहिलेलं आहे, आणि ते उलट निघालं. मी वैद्यबुवांना एवढंच म्हटलं, की सुश्रुतांपुढे हे आकडे असते तर त्यांनीच तो श्लोक बदलला असता. ते हसले. पटलं की नाही ते मला कळलं नाही.

त्या मुलाच्या मानेवरची टूथपेस्ट काढायला पाण्यापेक्षा जास्त वेळ गेला. ती वाळून कडक झाली होती आणि तिच्याखाली पापुद्रा सुटलेला होता. सलाइननं भिजवायचं, थांबायचं, पुसायचं, पुन्हा भिजवायचं. मुलासाठी चहा सांडण्यानंतरचा सर्वांत वाईट भाग हाच होता. टूथपेस्ट गार लागते ती तिच्यातल्या पुदिन्याच्या अर्कामुळे. गार वाटतं, तापमान मात्र उतरत नाही. वरून थर बसल्यामुळे आतली उष्णता आतच राहते. तूप, तेल, लोणी यांचंही तेच. कणीक आणि कॉफीची पूड जखमेतल्या ओलीत घट्ट बसते. दही आणि कच्चा बटाटा म्हणजे उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातले जंतू. बर्फ गार असतो हे खरं, पण अति गार. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, त्या अर्धमेल्या पट्ट्याचं उरलंसुरलं रक्तही थांबतं, आणि लहान मुलाच्या नाजूक कातडीला बर्फ स्वतंत्र इजा करतो.

हळद, शाई, जांभळं औषध, घरातलं पिवळं मलम यांचा वेगळाच उपद्रव. डॉक्टर भाजण्याची खोली बोटानं दाबून बघतात. दाबल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा गुलाबी झाली तर भाजणं वरवरचं; लाल डाग दाबूनही हलला नाही, किंवा रंग उशिरा परतला, तर खोल. त्यावर रंग फासला की हे वाचताच येत नाही. चांदीचं पांढरं मलमही डॉक्टरांनी पाहायच्या आत घरी लावू नये, ते जखमेवर पांढरट पापुद्रा धरतं आणि तोच मेलेल्या कातडीसारखा दिसतो. म्हणून डॉक्टर पाहीपर्यंत काहीच लावायचं नाही. लोकांना हे फार जड जातं. मूल भाजलंय आणि आपण काहीच लावलं नाही, हा अपराध वाटतो. हाताला काम हवं असतं, ते काम पाणी ओतण्याचं असू द्या.

बटाट्याचा विषय निघाला की कुणीतरी मला मुंबईचं उदाहरण द्यायचं, आणि ते खोटं नाही. मुंबईच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली, त्यावरचा लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानांची पट्टीही वापरून पाहिली गेली. पण त्या साली उकडलेल्या, पट्टीवर ओळीनं चिकटवलेल्या आणि निर्जंतुक केलेल्या होत्या, आणि जखम आधी धुऊन साफ केलेली होती. महागडं ड्रेसिंग परवडत नाही तिथे जखम ओलसर राखण्याचा तो उपाय होता, प्रथमोपचार नव्हता. विळीवर कापलेला कच्चा बटाटा आणि ती पट्टी यांचं नातं फक्त बाजारातल्या पिशवीपुरतं आहे.

पाणी घाला म्हणायला सोपं. जबलपुरात कसलं पाणी, हा प्रश्न मी घरोघरी भोगलेला आहे. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्या नळाखाली भाजलेलं मूल धरलं तर आगीत तेल. म्हणून उन्हाळ्यात आधी स्वतःच्या मनगटावर धार घ्यायची, गरम असेल तर टाकीचा नाद सोडून घरातल्या पिंपातलं किंवा बादलीतलं सावलीतलं पाणी घ्यायचं. माठातलंही चालेल. जिथे नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं त्या वस्त्यांत धार वीस मिनिटं सोडणं शक्यच नाही. तिथे घमेल्यात मुलाला बसवून तांब्यानं ओतायचं आणि घमेल्यातलं स्वच्छ पाणीच पुन्हा घ्यायचं. तेही नसेल तर स्वच्छ सुती कापड भिजवून ठेवायचं आणि दर एक-दोन मिनिटांनी बदलायचं, कारण कापड कातडीची उष्णता घेऊन लगेच कोमट होतं. हिवाळ्यात उलटी काळजी. नळाचं पाणी इतकं गार असतं की सबंध मूल भिजवलं तर ते थंडीनं काकडतं. जखम तेवढी गार करायची, बाकीचं मूल गरम ठेवायचं. ओठ निळसर झाले, मूल थरथरायला लागलं किंवा पेंगायला लागलं तर पाणी बंद, कोरडं करून ऊब, आणि लगेच रुग्णालय. मोठा भाग भाजलेला असेल तर ही काळजी दुप्पट.

पाण्यानंतर झाकायचं. खाद्यपदार्थ गुंडाळायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म आता बऱ्याच घरांत असते. तिचा पहिला वेढा फेकून पुढचे तुकडे जखमेवर नुसते ठेवायचे, हाताभोवती किंवा छातीभोवती घट्ट गुंडाळायचे नाहीत, कारण सूज येणार असते. चेहऱ्यावर फिल्म नाही. फिल्म नसेल तर धुतलेलं, इस्त्री केलेलं जुनं सुती धोतर किंवा ओढणी. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत राहतात. फोड फोडायचे नाहीत. त्याचं काय करायचं ते ड्रेसिंग करणारे ठरवतील. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलचं औषध वजनाच्या हिशेबानं, एका किलोला पंधरा मिलिग्रॅम. मात्र बाटलीवरचा आकडा वाचून, कारण एकाच औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२० असतं, दुसरीत २५०.

राइट टाउनच्या त्या मुलाची जखम आम्ही मोजली ती त्याच्याच तळहातानं. मुलाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. मोठ्यांचा हात लावून मोजलं तर हिशेब चुकतो. नुसती लाल झालेली जागा धरायची नाही, पापुद्रा सुटलेली किंवा फोड आलेली तेवढीच धरायची. छाती, खांदा, मान मिळून आठ तळवे भरले. दहा टक्क्यांच्या आत, म्हणून शिरेतून सलाइन लागलं नाही, त्यानं आईचं दूध घेतलं. पण मान आणि हनुवटी होती, म्हणून त्याला ठेवून घेतलं. चेहरा, हात, पाय, सांधा, शी-शूची जागा, किंवा हातापायाभोवती पूर्ण वळसा घेणारं भाजणं असेल तर ते टक्क्यानं कितीही लहान असो, रुग्णालयातच. आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तरी.

दहा टक्क्यांच्या वर गेलं की हिशेब गंभीर होतो, आणि आमच्याकडे तो बहुधा बादलीमुळे जायचा. हिवाळ्यात लोखंडी किंवा प्लास्टिकच्या बादलीत तापवायचा रॉड टाकून बादली न्हाणीघराच्या फरशीवर ठेवायची आणि चहा प्यायला जायचं, ही इथली सर्रास रीत. साध्या रॉडला थांबायचं कळत नाही, पाणी उकळेपर्यंत तो तापवत राहतो. साठ अंशाच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत पूर्ण जाडीनं भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. बादलीत बसलेल्या मुलाला स्वतःहून उठता येत नाही. कुल्ले, मांड्या, पाय, सगळं. अशा दहा किलोच्या मुलाचा वीस टक्के भाग भाजला असेल तर साधा हिशेब असा: तीन मिलिलिटर गुणिले दहा गुणिले वीस, म्हणजे सहाशे मिलिलिटर रिंगर लॅक्टेट चोवीस तासांत, त्याच्या रोजच्या गरजेच्या सलाइनखेरीज. यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत, आणि ते आठ तास रुग्णालयात पोचल्यापासून नाही, भाजल्यापासून. मूल तीन तासांनी आलं तर तीनशे मिलिलिटर पाच तासांत द्यायचे. म्हणून मी घड्याळाचं विचारत असे. पुढे लघवी किती होते त्यावरून हे प्रमाण कमीजास्त करतात. हे घरी करायचं नाही, पण घरच्यांनी वेळ लक्षात ठेवली तर आमचं काम सोपं होतं. आणि रॉड चालू असेल तर मुलाला ओढण्याआधी बटण बंद; नाहीतर विजेचा धक्का दोघांना.

बादलीसाठी माझं एकच सांगणं असे, की आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि मूल न्हाणीघरात नेण्याआधी कोपरानं पाहून घ्यायचं. रॉडची बादली दाराआड, कडी लावून. स्वयंपाकघरात गरम भांडी मागच्या शेगडीवर, मुठी आत वळवलेल्या. मांडीवर मूल आणि हातात चहा हे दोन्ही एका वेळी नाही, आणि तो नियम पाहुण्यांनाही. स्टुलावरचे रुमाल मूल तीन वर्षांचं होईपर्यंत कपाटात. वरण, खीर आणि पाक यांच्याबद्दल जास्त धास्ती बाळगावी. चहा निथळतो, हे निथळत नाहीत. पाक तर पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि चिकटून राहतो. दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या जखमा खोल असत.

त्या मुलाला तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. पहिल्या दिवशी खोलीचा अंदाज घेता येतो, निकाल देता येत नाही, हे घरच्यांना समजावणं हा आमच्या कामाचा मोठा भाग. छाती गुलाबी, ओलसर, हात लावताच रडणारी होती. ती बरी होणार हे दिसत होतं. खांद्यावर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा एक डाग पांढुरका होता. त्यावर कोलॅजनचा पातळ पडदा लावला आणि वाट पाहायची ठरली. जाताना मी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं ते ज्वराबद्दल. लहान मुलाला भाजल्यानंतर पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, जोराचा ताप, उलट्या, जुलाब, अंगभर पुरळ, आणि मूल मलूल होणं यांपैकी काही दिसलं तर जखम कितीही लहान असली तरी त्याच रात्री या. जखमेतल्या जंतूंचं विष रक्तात जाऊन असं होतं, आणि जखम वरून स्वच्छ दिसत असते. दात येत असतील, सर्दी असेल, असं घरात ठरतं आणि वेळ जातो.

छाती दहा-बारा दिवसांत भरली. खांद्याच्या डागाला तीन आठवडे लागले. दोन आठवड्यांत भरलेली जखम सहसा खूण ठेवत नाही, तिनाच्या पुढे गेली की कातडी जाड, लाल, उंचावलेली होण्याची भीती असते. त्यावर आजी पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलल्या. “सिस्टर, आता तरी तूप लावू का?” म्हटलं, “आजी, तिथे आता एकही ओला ठिपका नाही ना? मग लावा. तूप नाहीतर खोबरेल, साधं, वास न घातलेलं. दिवसातून तीन-चार वेळा अंगठ्यानं गोल गोल दाबून मालिश करा. उन्हात नेताना खांदा झाका. आणि त्याचा हात वर करून घ्या, कानाला लागेपर्यंत, खेळता खेळता, रोज.” खांद्यावरचा व्रण मूल वाढतं तसा वाढत नाही, म्हणून तो पुढे ओढ धरू शकतो. सहा महिन्यांनी, वर्षानं हात कानापर्यंत जायचा थांबला तर परत आणायचं. आजींनी तिथेच त्याचा हात धरून वर केला. तो कानाला लागला, आणि त्यानं माझ्या खिशातलं पेन ओढलं.